उरलं ते गुडविल

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बूथ न्यूजपेपर्स नावाची कंपनी आठ शहरांतून आठ वर्तमानपत्रं काढायची. ग्रँड रॅपिड्स, फ्लिंट, सॅगिनॉ, ॲन आर्बर अशी ती मध्यम आकाराची गावं. न्यूहाउस घराण्याच्या हेराल्ड कंपनीनं १९७०च्या दशकाच्या मध्यावर बूथचे शेअर गोळा केले आणि १९७७ मध्ये बूथला आपल्यात विलीन करून घेतलं. एकूण किंमत पडली ३२ कोटी ८० लाख डॉलर. आता ही रक्कम वह्यांत उतरवायची होती. रोकड, रोखे, येणी, जमिनी, इमारती, छपाई यंत्रं, कागदाचा साठा या सगळ्यांची बेरीज २३ कोटी ४० लाख झाली. वर ९ कोटी ४० लाख उरले.

त्या काळचे बरेच हिशेबनीस हा आकडा एका ओळीत ‘गुडविल’ म्हणून टाकून मोकळे झाले असते. हेराल्डनं तसं केलं नाही. त्यातले ६ कोटी ७८ लाख डॉलर तिनं ‘वर्गणीदार’ नावाच्या वेगळ्या मालमत्तेखाली लिहिले आणि गुडविलला ठेवले फक्त २ कोटी ६२ लाख. कंपनी विकत घेतल्यावर किमतीची अशी वाटणी करण्याच्या कामाला आज परचेस प्राइस ॲलोकेशन म्हणतात आणि हिशेबाच्या मानकांनुसार ते सक्तीचं आहे. हेराल्डच्या काळी ही सक्ती एवढी कडक नव्हती. तिनं ते आपण होऊन केलं, कारण त्यात कर वाचत होता. या पद्धतीचा मागोवा घेताना हे कारण हाताशी ठेवावं. गुडविल आणि बाकीची अमूर्त मालमत्ता यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न तत्त्वाचा म्हणून मांडला जातो, पण प्रत्येक वळणावर रेघ सरकली ती कोणाला कुठल्या बाजूनं फायदा आहे यावरून.

आधी गुडविलकडे पाहू. इंग्लंडच्या कोर्टात १८१० साली लॉर्ड एल्डन यांनी त्याचा अर्थ फार साधा लावला होता : जुनं गिऱ्हाईक जुन्याच जागी पुन्हा येईल ही शक्यता, यापलीकडे त्यात काही नाही. म्हणजे त्या काळी गिऱ्हाईक हेच गुडविल होतं, दोन्ही वेगळे काढण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे मोठ्या कंपन्या आल्या आणि ही ओळ वाटेल तेवढी फुगवता येते हे सगळ्यांच्या लक्षात आलं. वूलवर्थच्या स्वस्त दुकानांची साखळी १९१२ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिच्या ताळेबंदात ५ कोटी डॉलर गुडविल होतं. १९२५ मध्ये कंपनीनं ते उतरवून एक डॉलर केलं. दुकानं होती तशी होती, गिऱ्हाईक होतं तसं होतं. ज्या आकड्यामागे मोजमाप नाही तो वर नेणं आणि खाली आणणं सारखंच सोपं असतं.

मोजमापाची गरज पहिल्यांदा खरोखर भासली ती दारूबंदीमुळे. अमेरिकेत दारूबंदी आली आणि दारूच्या भट्ट्यांचं गुडविल एका कायद्यानं बुडालं. मालक म्हणाले, आमचं नुकसान झालं, करात सूट द्या. किती नुकसान, हे सांगायला सूत्र हवं होतं. अमेरिकी अर्थखात्यानं १९२० मध्ये एका अंतर्गत टिपणात ते दिलं. टिपणाचं नाव रुक्ष आहे, ए. आर. एम. ३४. त्यातलं गणित मात्र आपल्याकडे बारावीला पुस्तपालन घेतलेल्या कोणीही सोडवलेलं असतं, सुपर प्रॉफिटचं. समजा धंद्यात एक लाख डॉलरची मूर्त मालमत्ता आहे आणि सरासरी नफा १६ हजार. जोखमीच्या धंद्यात अशा मालमत्तेवर १० टक्के परतावा रास्त धरला, तर १० हजार तिनं कमावले. वरचे सहा हजार कोणी कमावले? न दिसणाऱ्या गोष्टींनी. त्या सहा हजारांना २० टक्क्यांनी भागलं की ३० हजार येतात. हे गुडविल.

या सूत्राची खुबी म्हणजे ते नफ्यातून एकेकाचं भाडं वजा करत जातं. यंत्राचं भाडं काढा, इमारतीचं काढा, उरेल ते ज्याचं मूल्य शोधताय त्याचं. आज ग्राहक-संबंधांचं मूल्य काढायची जी मुख्य पद्धत आहे ती याच विचाराची सुधारलेली आवृत्ती आहे. तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

१९२७ पासून अमेरिकेच्या करनियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं की गुडविलवर घसारा मिळणार नाही, कारण ते झिजत नाही. पण ठरावीक आयुष्य असलेल्या अमूर्त मालमत्तेवर, म्हणजे पेटंट, कॉपीराइट यांच्यावर, घसारा मिळत होता. इथून पुढची साठ-पासष्ट वर्षं कंपन्या घेणाऱ्यांचे वकील गुडविलच्या ढिगातून आयुष्य मोजता येईल अशा गोष्टी बाहेर काढू लागले आणि करखातं त्या परत ढिगात लोटू लागलं.

हिशेबाच्या बाजूला तेवढी घाई नव्हती. १९७० मध्ये अमेरिकेच्या लेखा मंडळानं सांगितलं की ओळखता येतील आणि नाव देता येईल अशा अमूर्त गोष्टी वेगळ्या लिहा, बाकीचं गुडविल, आणि ते जास्तीत जास्त चाळीस वर्षांत खर्ची टाका. शिवाय ठरावीक बारा अटी पुऱ्या केल्या तर ‘पूलिंग’ करून दोन कंपन्यांचे ताळेबंद जसेच्या तसे जोडता येत. मग मोजलेली किंमत वह्यांत उतरतच नसे आणि गुडविलचा प्रश्नही उद्भवत नसे. ज्यांना तो नकोसा वाटे ते पूलिंगच्या दारातून निघून जात.

हेराल्डचं प्रकरण करखात्याच्या हाती लागलं ते या पार्श्वभूमीवर. आठ वर्तमानपत्रांचे मिळून ४ लाख ६० हजार वर्गणीदार होते. ६ कोटी ७८ लाखांना तेवढ्यांनी भागलं तर डोईमागे सुमारे १४७ डॉलर पडतात. हा आकडा आला कुठून? कंपनीच्या तज्ज्ञांनी आधी जुन्या नोंदींवरून वर्गणीदार किती काळ टिकतात याचा अंदाज बांधला. विमा कंपन्या माणसांच्या आयुर्मानाचे तक्ते करतात तसाच हा वर्गणीदारांचा तक्ता. पेपर आणि रोजची की रविवारची आवृत्ती, यानुसार उत्तर बदलत होतं, पण सरासरी आयुष्य साधारण १५ ते २३ वर्षांच्या दरम्यान निघत होतं. मग खरेदीच्या दिवशी यादीत असलेल्या वर्गणीदारांकडून, फक्त त्यांच्याकडून, पुढे येणारी वर्गणी धरली. तिच्यातून वसुलीचा खर्च आणि कर वजा केला. उरलेली रक्कम आजच्या किमतीत आणली. शेवटी घसाऱ्यामुळे जो कर वाचणार त्याचं आजचं मूल्यही त्यात मिळवलं. हे शेवटचं पाऊल ऐकायला चक्राकार वाटतं, पण बरोबर आहे : घसारा मिळणारी वस्तू घेणारा तिच्यासाठी थोडं जास्त मोजेल. आजचे मूल्यांकनकारही हे पाऊल टाकतात.

करखात्यानं या आयुष्याच्या अंदाजांवर वाद घातलाच नाही. त्याचं म्हणणं दुहेरी होतं. एक तर हे वर्गणीदार म्हणजेच गुडविल. जुनं गिऱ्हाईक पुन्हा येईल ही आशा, दुसरं काय? आणि वेगळं धरायचंच असेल तर त्याची किंमत फार तर ३० लाख डॉलर, कारण वर्गणी मोहीम काढून तेवढे लोक नव्यानं मिळवायला तेवढाच खर्च येईल. त्या ३० लाखांना उत्तर असं की, मोहिमेत सापडलेला नवा वर्गणीदार आणि वर्षानुवर्षं पेपर घेणारा मुरलेला वर्गणीदार यांचं उरलेलं आयुष्य एकसारखं नसतं. नवा लवकर सोडून जातो.

खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, अपिलात हरली. तोवर हेराल्डही न्यूअर्क मॉर्निंग लेजर कंपनीत विलीन झाली होती, म्हणून खटला त्या नावानं ओळखला जातो. २० एप्रिल १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाचास चार मतांनी कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या बहुमताचा आशय असा : एखादी गोष्ट गुडविलसारखी दिसते की नाही हा प्रश्न नाही. तिचं मूल्य काढता येतं का आणि ती कालांतरानं संपते का, एवढं पाहायचं. ते सिद्ध करणं अवघड आहे, पण सिद्ध केलं तर घसारा मिळेल.

मला मात्र न्यायमूर्ती सूटर यांचं विरोधी मत जास्त खोल वाटतं. त्यांचा मुद्दा असा की, वर्गणीदार पंधरा-वीस वर्षं टिकेल हा अंदाज पेपर पुढेही चांगला निघत राहील हे गृहीत धरूनच केलेला आहे. बातमीदारांनी काम करायचं थांबवलं तर ती यादी किती दिवस टिकेल? म्हणजे यादीचं आयुष्य मोजलं असं तज्ज्ञ म्हणाले खरे, पण त्यात पेपरच्या नावलौकिकाचं आयुष्य मिसळलेलं होतं. ग्राहक-संबंधांचं मूल्यांकन वाचताना ही शंका आजही विचारावी अशी आहे, आणि तिचं पुरतं समाधान कोणी केलेलं नाही.

गंमत अशी की या ऐतिहासिक निकालाचं करातलं आयुष्य चार महिनेही भरलं नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकी संसदेनं कायदा बदलला आणि विकत घेतलेलं गुडविल असो की ग्राहकयादी, सगळ्याला सरसकट पंधरा वर्षांचा घसारा देऊन टाकला. करापुरती रेघच पुसली. मग वाटणीचं हे सगळं तंत्र निकामी व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण तोवर हिशेबाच्या बाजूला त्याचा दुसरा उपयोग सापडला होता.

तो उपयोग बराच लबाडीचा होता. अमेरिकी नियमांनुसार, विकत घेतलेल्या कंपनीत अर्धवट अवस्थेतलं संशोधन असेल तर त्याची किंमत खरेदीच्याच दिवशी एकरकमी खर्ची टाकावी लागे. चाळीस वर्षं नफ्याला दरवर्षी चावत बसणाऱ्या गुडविलपेक्षा एका दिवसाचा मोठा खर्च कंपन्यांना परवडायचा, कारण बाजार तो ‘एकदाचा’ म्हणून माफ करायचा. आयबीएमनं १९९५ मध्ये लोटस घेतली तेव्हा १८४ कोटी डॉलर, म्हणजे किमतीच्या अर्ध्याहून अधिक, अर्धवट संशोधन म्हणून त्याच वर्षी खर्ची पडले. सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकी रोखे आयोगाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी नफा रंगवण्याच्या युक्त्यांवर गाजलेलं भाषण केलं, त्यात या प्रकाराचाही समाचार घेतला होता. हेराल्डनं वर्गणीदार वेगळे काढले ते हळूहळू झिजवायला, नव्वदीतल्या तंत्रज्ञान कंपन्यांनी संशोधन वेगळं काढलं ते झटक्यात जाळायला. दोघांचाही डोळा गुडविलची ओळ लहान करण्यावर होता.

२००१ मध्ये पारडं उलटलं. अमेरिकेच्या लेखा मानक मंडळानं पूलिंग बंद केलं, त्यामुळे प्रत्येक खरेदी पूर्ण किमतीला वह्यांत यायला लागली. बदल्यात उद्योगांना एक मोठी सवलत मिळाली : गुडविल आता दरवर्षी खर्ची टाकायचं नाही, ते तसंच ठेवायचं आणि मूल्य घसरलंय का हे वर्षातून एकदा तरी तपासायचं. ग्राहकयादी, तंत्रज्ञान, पेटंट मात्र ठरावीक वर्षांत खर्ची पडत राहणार. झालं, जो तो गुडविल लहान करायला धडपडत होता तो आता मोठं करायला पाहू लागला. जेवढी रक्कम गुडविलमध्ये ढकलाल तेवढा पुढच्या वर्षांचा नफा शाबूत.

मंडळाला हे कळत होतं. म्हणून त्याच मानकात वेगळं काढण्याची कसोटी कडक झाली, आणि २००४च्या आंतरराष्ट्रीय मानकात तीच आली, ज्याच्यावरून पुढे आपलं इंड एएस १०३ बेतलं. दोनपैकी एक अट पुरी झाली की गोष्ट गुडविलबाहेर काढलीच पाहिजे. ती करारातून किंवा कायद्यानं मिळालेल्या हक्कातून आलेली असावी, किंवा धंद्यापासून तोडून विकता, भाड्यानं देता येण्यासारखी असावी. पहिली अट पुरी झाली तर दुसरीची गरज नाही. हॉटेलचा परवाना त्या इमारतीशिवाय विकता येत नसेल, तरी तो वेगळाच लिहायचा. एका गोष्टीला मात्र नाव घेऊन दार बंद केलं : कामाला लागलेली, जमलेली माणसं. त्यांच्यावर मालकी नसते, ती उद्या राजीनामा देऊ शकतात, म्हणून ती गुडविलमध्येच.

आता त्या सूत्राकडे वळू. ग्राहक-संबंधांचं मूल्य काढताना आजचा मूल्यांकनकार खरेदीच्या दिवशीचे ग्राहक घेतो, दरवर्षी किती गळतील ते धरतो, उरलेल्यांच्या विक्रीवरचा नफा काढतो आणि त्यातून बाकी मालमत्तेचं भाडं वजा करतो : यंत्रांचं, खेळत्या भांडवलाचं, ब्रँडचं, आणि जमलेल्या माणसांचंसुद्धा. इथे कामगारवर्गाची गंमत होते. ताळेबंदात त्याला जागा नाही, पण ग्राहकांच्या नफ्यातून त्याचं भाडं वजा करायचं तर आधी त्याची किंमत काढावीच लागते. नवी माणसं शोधून, शिकवून तयार करायला किती खर्च येईल यावरून ती काढतात, भाडं लावतात आणि मग ती रक्कम निमूटपणे गुडविलमध्ये सोडून देतात.

या गणितात चुकायची जागा बहुधा गळतीचा दर असते. शंभर ग्राहकांतले दहा गेले म्हणून १० टक्के गळती धरली, पण ते दहा किरकोळ होते आणि विक्री दोनच टक्क्यांनी घटली, तर यादीचं आयुष्य फार कमी दाखवलं जातं. उलट एकच बडा ग्राहक जाण्याच्या बेतात असेल तर संख्या काहीच सांगत नाही. चूक पकडायचं एक साधन आहे. खरेदीदारानं मोजलेली किंमत आणि त्याचे स्वतःचे नफ्याचे अंदाज यांवरून सौद्याचा परतावा निघतो, समजा १३ टक्के. मग प्रत्येक मालमत्तेवर मागितलेल्या परताव्याची, किमतीच्या प्रमाणात सरासरी काढायची. खेळत्या भांडवलावर कमी, यंत्रांवर जरा जास्त, ग्राहकांवर सौद्याच्या आसपास, गुडविलवर सगळ्यात जास्त. ती सरासरीही १३ च्या जवळ यायला हवी. ती जुळवण्यासाठी गुडविलवर ४० टक्के परतावा धरावा लागत असेल, किंवा गुडविलचा दर ग्राहकांच्या खाली उतरत असेल, तर कुठल्या तरी मालमत्तेचं मूल्य फसलंय असं समजावं.

एवढं करूनही गुडविल हा शुद्ध शिलकीचा आकडा राहत नाही. त्यात हिशेबानं स्वतः तयार केलेली रक्कमही येते. कंपनीचे शेअर घेतले आणि तिचा ब्रँड १०० कोटींचा धरला, पण करखात्याच्या लेखी त्याची किंमत शून्य असेल, तर २५ टक्के दरानं २५ कोटींचं पुढच्या कराचं देणं उभं करावं लागतं. देणं वाढलं की निव्वळ मालमत्ता घटते, आणि ते २५ कोटी गुडविलमध्ये भर घालतात. ब्रँड १०० कोटींनी मोठा केला म्हणून गुडविल १०० नं नाही, ७५ नंच कमी होतं. या २५ कोटींमागे ना गिऱ्हाईक आहे ना नावलौकिक.

किंमत कुठल्या तारखेची धरली यानंही शिल्लक हलते. मुंबईच्या हिंदुस्तान युनिलिव्हरनं हॉर्लिक्स आणि बूस्ट बनवणारी जीएसके कन्झ्युमर हेल्थकेअर आपल्यात घेतली. डिसेंबर २०१८ मध्ये घोषणा झाली तेव्हा सौदा ३१,७०० कोटींचा म्हणून छापून आला. मोबदला शेअरमध्ये होता, जीएसकेच्या एका शेअरला लिव्हरचे ४.३९. विलीनीकरण पुरं झालं १ एप्रिल २०२० ला, आणि मानकानुसार त्या दिवशीचा भाव धरायचा असतो. मधल्या सोळा महिन्यांत लिव्हरचा भाव वाढला होता, त्यामुळे वह्यांत आलेली किंमत ४० हजार कोटींच्या वर गेली. हॉर्लिक्सची बाटली होती तीच होती. मोठा वाटा ब्रँडच्या ओळीत गेला, त्यांचं आयुष्य अमर्याद धरलं गेलं, आणि तरीही सुमारे १७ हजार कोटी गुडविल म्हणून उरलं.

भारतात करानं ही गोष्ट पुन्हा हेराल्डच्या वळणावर आणून सोडली आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं स्मिफ्स सिक्युरिटीजच्या प्रकरणात, विलीनीकरणातून आलेल्या जेमतेम ५५ लाखांच्या गुडविलवर, निकाल दिला की गुडविलही घसाऱ्याला पात्र आहे. दर होता २५ टक्के. पुढची काही वर्षं, धंदा विकत घेणाऱ्याला करापुरती वाटणी बारकाईनं करायची गरज उरली नाही. उरलं ते सगळं गुडविल म्हणा, घसारा तेवढाच. मग २०२१च्या वित्त कायद्यानं गुडविलला घसाऱ्यातून बाहेर काढलं, तेही १ एप्रिल २०२० पासून. तांत्रिक ज्ञान, पेटंट, ट्रेडमार्क, परवाने आणि त्यांच्यासारखे व्यावसायिक हक्क यांच्यावरचे २५ टक्के मात्र तसेच ठेवले. तेव्हापासून अख्खा चालता धंदा एकरकमी विकत घेणाऱ्या कंपन्या मूल्यांकनकाराकडून करारांची, ग्राहकांची, सॉफ्टवेअरची वेगवेगळी किंमत लावून घेतात. आणि हिशेबातला नफा जपायला तीच मंडळी गुडविल मोठं असावं म्हणून आग्रह धरतात. एकाच अहवालात दोन्ही हवं असतं. असा अहवाल हाती आला की कर अधिकाऱ्यानं पहिल्यांदा ग्राहकांच्या गळतीचा तक्ता मागावा.